पॅनल चढल्यानंतर उरणारे काम

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून पावणे एमआयडीसीत शिरले की कारखान्यांच्या पत्र्यांवर सोलर पॅनलच्या रांगा दिसू लागतात. या शेडमध्ये काम करणारे वायरमन, फिटर आणि डिप्लोमा इंजिनिअर, तसेच आसपासच्या आयटीआयमधली आणि पॉलिटेक्निकमधली मुले, मला गेली काही वर्षे एकच प्रश्न विचारत आली आहेत : "सर, सोलरमध्ये खरंच नोकऱ्या आहेत का, की सगळा बोलबालाच?" हे पुस्तक त्या प्रश्नासाठी तयार केले आहे. त्याचे उत्तर प्रत्येक कामागणिक बदलते. कोणते काम वाढते आहे, कोणते दोन वर्षांत आटणार आहे, हे ओळखायचे कसे एवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे. पुढची प्रकरणे त्याच कसोट्या एकेका कामाला लावून पाहतात.

या क्षेत्राच्या बातम्या मेगावॉटमध्ये येतात. २०२५ च्या सुरुवातीला देशातली सौरऊर्जेची स्थापित क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचे आहे. हे आकडे वाचून मुलगा सोलरचा कोर्स लावतो. पण मेगावॉट म्हणजे नोकऱ्या नव्हेत. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांनी २०१७ साली केलेल्या अभ्यासात एका मेगावॉटमागे छतावरच्या सोलरला सुमारे २५ माणूस-वर्षांचे काम लागते, जमिनीवरच्या मोठ्या प्लांटला सुमारे साडेतीन आणि पवनऊर्जेला सव्वा, असे आढळले होते. सोलरच्या दोन प्रकारांतच मेगावॉट तेवढाच, माणसे मात्र सातपट कमी-जास्त. त्यामुळे वाळवंटात उभ्या राहणाऱ्या हजार मेगावॉटच्या बातमीपेक्षा पावण्यातल्या शेडवरचे तीनशे किलोवॉट इथल्या वायरमनच्या जास्त उपयोगाचे असू शकतात.

या माणूस-वर्षांतही दोन वेगळ्या प्रकारचे काम मिसळलेले असते. पॅनल बसवणे, केबल ओढणे, टॉवर उभा करणे हे उभारणीचे काम. ते त्या वर्षी नवी क्षमता किती आली यावर चालते. तपासणी, दुरुस्ती आणि देखभाल हे दुसरे. ते आजवर उभ्या राहिलेल्या सगळ्या प्लांटच्या बेरजेवर चालते. नवी भर थांबली की पहिले काम त्याच वर्षी थांबते. दुसरे थांबत नाही, कारण उभा प्लांट वीस-पंचवीस वर्षे वीज देत राहतो आणि जसा जुना होतो तसा जास्त बिघडतो.

पवनऊर्जेत हे एकदा घडून गेले आहे. २०१६-१७ मध्ये देशात सुमारे ५,५०० मेगावॉटच्या पवनचक्क्या लागल्या. त्यानंतर ठरलेल्या दराने वीज घेण्याची पद्धत जाऊन लिलाव आले आणि २०१७-१८ मध्ये नवी भर सुमारे १,७५० मेगावॉटवर घसरली. क्रेन, पाया आणि उभारणीच्या कामाला लागलेल्यांसाठी तो एका वर्षात कोसळलेला बाजार होता. साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावरच्या आणि धुळ्यात साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या मात्र त्या वर्षीही फिरतच होत्या. त्यांच्या गिअरबॉक्सला तेल, ब्लेडला दुरुस्ती आणि कंट्रोल पॅनलला माणूस लागतच होता. धोरण बदलले तरी टिकणारे काम कोणते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

आता हाच हिशोब पावण्यातल्या एका शेडवर मांडू. हिशोबासाठी ३०० किलोवॉटचा प्लांट धरू. ५५० वॉटची सुमारे ५४५ पॅनल आणि १०० किलोवॉटचे तीन इन्व्हर्टर. किलोवॉटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट धरले तर हा प्लांट वर्षाला सव्वाचार लाखांच्या आसपास युनिट देईल. उभारणीला पंधरा माणसांची टोळी महिनाभर लागली, तर ४५० माणूस-दिवसांचे काम झाले. पत्रा तपासणे, स्ट्रक्चरचा दाखला, रेल बसवणे, पॅनल चढवणे, केबल, अर्थिंग, तडितरक्षक आणि चाचण्या हे सगळे त्यात आले. मग टोळी पुढच्या शेडवर जाते. मागे उरते ते महिन्यातून एक-दोनदा पॅनल धुण्याचे काम, तिमाही विद्युत तपासणी आणि अधूनमधून येणारा बिघाड. धुण्याचे काम वर्षाला साठ-सत्तर माणूस-दिवसांचे असेल. तांत्रिक काम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचे निघते. इन्व्हर्टरचे आकडे मोबाइलवर पाहणारा एक इंजिनिअर असे पन्नास प्लांट सांभाळू शकतो.

या हिशोबावरून दोन गोष्टी कळतात. एकाच शेडवर तंत्रज्ञाला कायमची नोकरी नाही, त्यामुळे "आमच्या प्लांटवर कायमचा माणूस घेऊ" असे लहान प्लांटच्या मालकाने सांगितले तर ते ताडून पाहावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पंधरा-वीस प्लांट एकत्र सांभाळणाऱ्याकडे एका तंत्रज्ञाला पुरेल एवढे काम जमते, आणि प्लांटची संख्या दरवर्षी वाढत असल्यामुळे ते दरवर्षी वाढते. सरकारी योजनांनीही या कामाला आधार दिला आहे. पीएम-कुसुमच्या सौर कृषिपंपांना आणि पीएम सूर्यघर योजनेतल्या घरगुती प्लांटना पहिली पाच वर्षे देखभाल देण्याचे बंधन पुरवठादारावर आहे. ते पाळायचे तर तालुक्याच्या गावी दुरुस्तीचा माणूस ठेवावाच लागतो. म्हणूनच कामाला जाण्याआधी त्या कंपनीने यंदा किती प्लांट लावले याच्याबरोबरच तिच्या देखभालीखाली एकूण किती प्लांट आहेत, हे विचारावे.

त्या पंधरा-वीस दिवसांत तंत्रज्ञ नेमके काय करतो, याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. पावसाळ्यात या पट्ट्यात हमखास येणारी तक्रार अशी : सकाळी एक इन्व्हर्टर चालूच होत नाही, स्क्रीनवर इन्सुलेशन कमी असल्याचा इशारा येतो आणि अकरा-साडेअकराला तो आपोआप सुरू होतो. मालक म्हणतो, "चालू झाला ना, मग राहू दे." खरा तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर होतो, कारण ऊन पडून ओल वाळली की बिघाड मीटरवर सापडत नाही.

तो इन्व्हर्टर बंद करून डीसी आयसोलेटर उघडतो आणि स्ट्रिंग एकेक करून वेगळ्या करतो. एका स्ट्रिंगमध्ये १८ पॅनल आणि दोन टोकांमध्ये ९०० व्होल्ट आहेत असे धरू. निरोगी स्ट्रिंगचे कोणतेच टोक जमिनीच्या संदर्भात स्थिर व्होल्टेज दाखवत नाही. एका स्ट्रिंगवर मात्र धन टोक ते अर्थ ३०० व्होल्ट आणि ऋण टोक ते अर्थ ६०० व्होल्ट असे आकडे टिकून राहतात. दोन्हींची बेरीज ९००. म्हणजे या स्ट्रिंगचा कुठलातरी बिंदू जमिनीला लागला आहे. प्रत्येक पॅनल ५० व्होल्टचे असल्याने ३०० व्होल्ट म्हणजे सहा पॅनल. धन टोकाकडून सहावे आणि सातवे पॅनल यांच्यामधली केबल किंवा कनेक्टर पाहायचा. तिथे बहुतेक वेळा पत्र्याच्या कडेला घासून सोललेली केबल मिळते, नाहीतर पाण्याच्या पन्हळीत लोंबणारा कनेक्टर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर जबरदस्तीने एकमेकांत बसवलेलेही आढळतात. ५४५ पॅनल उलटीपालटी न करता तो अर्ध्या तासात जागेवर पोचतो. केबल बदलल्यावर मेगरने इन्सुलेशन पुन्हा मोजतो, दोन्ही आकडे नोंदवतो आणि मगच स्ट्रिंग जोडतो.

हे काम टाळले तर सुरुवातीला नुकसान दिसत नाही, कारण पावसाळी सकाळची युनिट थोडीच असतात. धोका पुढे आहे. त्याच प्लांटवर दुसरी केबल जमिनीला लागली की स्ट्रक्चरमधूनच प्रवाह वाहू लागतो. डीसी प्रवाह एसीसारखा सेकंदातून शंभर वेळा शून्यावर येत नाही, म्हणून त्याची ठिणगी स्वतःहून विझत नाही. रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत छतावरची अशी ठिणगी काय करू शकते, हे इथल्या कामगाराला सांगायला नको. ९०० व्होल्टवर हातमोजे, योग्य वर्गाचा मीटर आणि कंबरपट्टा यांशिवाय कोणी हात घालू नये, हेही इथेच ठामपणे सांगतो. सोलरचा कोर्स केलेली मुले पुष्कळ मिळतात. हे मोजमाप करून त्याचा अर्थ लावणारी मुले फार थोडी आहेत, आणि पगारातला फरक तिथेच पडतो.

आता इंजिनिअरच्या बाजूचे उदाहरण. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे वीजबिल केव्हीए-तासांवर निघते. पावण्यातल्या एका कारखान्याचा दुपारचा भार ४०० किलोवॉट आणि त्याबरोबर २०० केव्हीएआर रिॲक्टिव्ह भार आहे असे धरा. ग्रिडवर तो ४४७ केव्हीए दिसतो. सोलरने २५० किलोवॉट दिले, तेव्हा मालकाची अपेक्षा असते की ४४७ मधून २५० जाऊन १९७ उरतील. पण सोलर बहुधा फक्त किलोवॉट देतो आणि २०० केव्हीएआर ग्रिडकडूनच येत राहतात. ग्रिडवर आता १५० किलोवॉट आणि २०० केव्हीएआर आहेत, म्हणजे २५० केव्हीए. पॉवर फॅक्टर ०.८९ वरून ०.६ वर आला. प्लांट अगदी निर्दोष चालत असूनही बिल अपेक्षेइतके उतरत नाही आणि मालक सोलरवाल्याला फसवा ठरवतो.

ज्याला हे कळते तो इंजिनिअर आधी एलटी पॅनलमधल्या कपॅसिटरच्या रिलेकडे जातो. त्या रिलेचा सीटी कुठे बसवला आहे, तो कारखान्याचा भार मोजतो आहे की ग्रिडकडून येणारा प्रवाह, हे तपासतो. मग सीटी ग्रिडच्या बाजूला आणतो, कपॅसिटरच्या पायऱ्या वाढवतो किंवा इन्व्हर्टरकडूनच काही केव्हीएआर देण्याची सेटिंग करतो. रिॲक्टिव्ह भार २०० वरून ५० वर आणला की ग्रिडवर फक्त १५८ केव्हीए उरतात. एक पॅनल न वाढवता दुपारच्या प्रत्येक तासाला ९२ केव्हीए-तास वाचले. पॅनल स्वस्त होत गेली तशी त्यांची विक्री करणाऱ्यांची संख्या वाढली. हा हिशोब करणाऱ्यांची तेवढी वाढली नाही.

ही उदाहरणे पाहिल्यावर कोणत्याही कामाला लावायच्या तीन कसोट्या स्पष्ट होतात. नवी भर थांबली तरी हे काम उरेल का? ग्रिडवर सोलर आणि वारा वाढत जातील तसे ते सोपे होईल की अवघड? आणि त्यावर कायद्याने पात्र माणसाची सही लागते का?

दुसऱ्या कसोटीचे मोठे रूप पावण्याहून थोड्याच अंतरावर आहे. राज्याच्या ग्रिडचा तोल सांभाळणारे भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोण किती वीज देणार हे तिथे जुळवले जाते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सौर आणि पवन प्रकल्पांना आपला अंदाज आधी कळवावा लागतो आणि चुकीच्या अंदाजाचा भुर्दंड पडतो. दुपारी सोलर भरपूर आणि संध्याकाळी एकदम शून्य, ही दरी जितकी वाढेल तितके अंदाज बांधणारे, संरक्षण रिलेच्या सेटिंग तपासणारे आणि उपकेंद्र चालवणारे लोक महत्त्वाचे होतील. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा मार्गावरच्या बिघाडाने मुंबई परिसर तासन्‌तास अंधारात गेला, तेव्हा उपकेंद्रातल्या माणसाची किंमत सगळ्यांना कळली होती. अंदाज बांधण्याच्या जागा मोजक्या आहेत. रिले टेस्टिंग आणि उपकेंद्राच्या देखभालीच्या जागा त्याहून पुष्कळ जास्त आहेत, आणि त्या ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांतही आहेत.

याच दरीमुळे बॅटरीचे काम येते आहे. केंद्राच्या नियमांनी एप्रिल २०२४ पासून औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि मागणीच्या तासांत महाग करायला सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण जोडण्याचा सल्ला दिला. दिशा पक्की आहे, पण उभ्या राहिलेल्या बॅटऱ्यांची बेरीज अजून लहान आहे. तेव्हा केवळ बॅटरीच्या नावाचा महागडा कोर्स करण्यापेक्षा डीसी संरक्षण, तापमानाची देखरेख आणि अग्निसुरक्षा ही अंगे आपल्या मूळ विद्युत कामाला जोडून घ्यावीत. हरित हायड्रोजनबाबतही तेच. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०३० पर्यंत सहा लाखांवर रोजगारांचा अंदाज दिला. तो अंदाज आहे, आजची भरती नव्हे. पावण्याच्या रासायनिक कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेल्याला ते ज्ञान उद्या तिथे वापरता येईल, पण त्या आशेवर आजची नोकरी सोडू नये.

पहिल्या कसोटीवर स्मार्ट मीटर बसवण्याचे काम नापास होते. सध्या त्यात भरती दिसते, पण सगळे मीटर बदलून झाले की ते संपते आणि मीटर वाचण्याचे कामही सोबत घेऊन जाते. पैसे कमवायला ते जरूर करावे. त्यावर आयुष्य मांडू नये. निव्वळ पॅनल चढवण्याचे कामही अनुदानाच्या वेगाने वाढते आणि घटते. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात तोवर मागणी आहे. या काळात टोळीत राहून चाचण्या आणि नोंदी शिकून घेतल्या तरच पुढचा टप्पा गाठता येतो.

तिसऱ्या कसोटीकडे मुले सर्वांत कमी लक्ष देतात. वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, पात्र सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचे असते. मोठ्या प्लांटला विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते. म्हणून तीन महिन्यांचे सूर्यमित्र प्रशिक्षण चांगले असले तरी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा पाया आणि त्यानंतरचा सरकारी परवाना यांची जागा ते घेऊ शकत नाही. सोलरची लाट ओसरली तरी तो परवाना महापारेषणच्या उपकेंद्रात, कारखान्यात आणि रुग्णालयातही चालतो.

या पुस्तकाची रचना याच कसोट्यांना धरून केली आहे. पहिल्या भागात देखभालीची कामे, दुसऱ्यात ग्रिड आणि उपकेंद्राची, तिसऱ्यात उभारणीची आणि शेवटच्या भागात अजून रुजत असलेली कामे आहेत. प्रत्येक प्रकरणात त्या कामाचा एक दिवस, लागणारी हत्यारे, परवाने आणि ते काम आटत चालल्याची चिन्हे दिली आहेत. बातमी वाचताना सामंजस्य करार, निविदा, वीजखरेदी करार आणि प्रत्यक्ष सुरू झालेला प्रकल्प या चार पायऱ्या वेगळ्या कशा ओळखाव्यात, हेही एका प्रकरणात आहे. नोकरी शेवटच्या पायरीवर पक्की होते. आधीच्या पायऱ्यांवर गळणारे प्रकल्प असतातच.

वाचकाला एक विनंती आहे. मुलाखतीला जाताना पगाराआधी तीन गोष्टी विचारा : तुमच्या देखभालीखाली किती प्लांट आहेत, मला चाचणीची उपकरणे हाताळायला मिळतील का आणि माझा अनुभव परवान्यासाठी लेखी मिळेल का. या तिन्हींची सरळ उत्तरे देणारा मालक चार पैसे कमी देत असला तरी त्याच्याकडे जा. जो या प्रश्नांवर फक्त मेगावॉट सांगत राहतो, त्याच्याकडचे काम तात्पुरते आहे असे समजा.